पास पायाला लागून लांब पळतो? फर्स्ट टच कुठे बिघडलाय ते शोधायची पद्धत

"सर, मी पाय बरोबर लावतो, पण बॉल थांबतच नाही."

कोल्हापुरात शाळकरी पोरांना फुटबॉल शिकवताना हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की आता समोरचा पोरगा तोंड उघडायच्या आधीच मी त्याच्या चेंडूला अंगठा लावून बघतो. आमच्याकडची पोरं शाहू स्टेडियमवर पेठांच्या तालमींचे सामने बघत मोठी होतात. लांबून हाणलेल्या फटक्यावर स्टेडियम उठतं, तेव्हा पोरंही घरी येऊन भिंतीवर फटकेच हाणतात. पास अंगावर आला की मात्र पाय म्हणजे लाकडी फळी. दरवर्षी नवी पोरं येतात आणि बिघाड तेच असतात, म्हणून ते तपासायचा क्रम एकदा लिहून ठेवतोय. आधी फुकटचं आणि सोपं, मग अवघड. क्रम मोडू नका. पोराच्या पायात दोष शोधण्यात महिना घालवायचा आणि शेवटी चेंडूतच हवा जास्त निघायची, हे माझ्या हातून झालेलं आहे.

लक्षणं: आधी चेंडू कुठे जातो ते बघा

"टच खराब आहे" एवढ्यावर काहीच दुरुस्त होत नाही. चेंडू पायाला लागल्यावर कुठे जातो ते बघायचं. मला आजवर चारच प्रकार दिसले.

पहिला: चेंडू आदळून समोर पळतो. दोन-तीन पावलं पुढे जातो आणि तिथे समोरचा खेळाडू उभाच असतो.

दुसरा: चेंडू पायाखालून किंवा पायाला घासून मागे निघून जातो. पोरगं वळून त्याच्यामागे धावतं आणि बाहेरून कुणीतरी ओरडतं, "अरे, लक्ष कुठाय?" पण बऱ्याचदा लक्ष चेंडूवरच असतं. चूक वेळेची असते.

तिसरा: चेंडू उडतो. जमिनीवरून आलेला साधा पास गुडघ्यापर्यंत वर येतो आणि तो खाली पडेपर्यंत समोरचा येऊन पोहोचतो.

चौथा सगळ्यात फसवा. चेंडू अगदी मऊ थांबतो, पण दोन पायांच्या मधोमध. आता त्याला हलवायला आणखी एक टच लागतो, तोवर मागून कुणीतरी चेंडू काढून नेतो. पालक म्हणतात, "कंट्रोल चांगला आहे, जरा स्लो आहे." पोरगं स्लो नसतं. चेंडू येण्याआधी ते चुकीचं उभं राहिलेलं असतं.

दहा पास द्या आणि कुठलं लक्षण किती वेळा दिसतं ते कागदावर लिहा. आठवणीवर विसंबू नका. आठवणीत सगळ्यात वाईट टच तेवढा राहतो.

पहिली तपासणी: चेंडू

मोठ्यांच्या, म्हणजे ५ नंबरच्या चेंडूचा घेर नियमाप्रमाणे ६८ ते ७० सेंटिमीटर, सामना सुरू होताना वजन ४१० ते ४५० ग्रॅम आणि हवा ८.५ ते १५.६ पीएसआय असते. हवेची ही मर्यादा फार मोठी आहे. खालच्या टोकाचा चेंडू आणि वरच्या टोकाचा चेंडू पायाला दोन वेगळ्या वस्तू वाटतात. सायकलच्या दुकानात नेऊन "जरा टाईट भर" म्हटलं की तो वरच्या टोकालाच जाणार. सरावाला मी ९-१० वर ठेवतो. मीटर असलेला पंप नसेल तर दोन्ही अंगठ्यांनी दाबून बघा. थोडा दबला पाहिजे. दगडासारखा लागला तर हवा सोडा.

उन्हाचं वेगळंच आहे. सकाळी १० पीएसआय भरलेला चेंडू एप्रिलच्या दुपारी मैदानाच्या कडेला पडून तापला, आतली हवा ५० अंशांपर्यंत गेली, की तोच चेंडू १२ च्या वर जातो. सुट्टीच्या शिबिरात सकाळी टच चांगला आणि दुपारी खराब असं दिसलं, तर पोरं दमली असं ठरवण्याआधी चेंडू सावलीत ठेवून बघा.

आणि मापाचं काय? साधारण आठ ते बारा वर्षांच्या पोरांना ४ नंबर. त्याचं वजन साडेतीनशे ते पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास असतं. "मोठ्या बॉलने खेळला की पाय तयार होतो" असं म्हणणारे काका प्रत्येक मैदानावर असतात. नऊ वर्षांच्या पोराचा पाय ५ नंबरला मऊपणे झेलूच शकत नाही. तो पाय ताठ करून अडवायला शिकतो आणि ती सवय पुढे आम्हाला मोडावी लागते.

दुसरी तपासणी: बूट आणि जमीन

बूट काढायला लावा आणि अंगठ्यापुढे किती जागा उरते ते बघा. बोटाच्या रुंदीएवढी ठीक. वाढत्या पायाला म्हणून दोन नंबर मोठे घेतलेले बूट असतील, तर पाय आतल्या आत सरकतो. पोराला वाटतं आपण तळपायाच्या कमानीजवळ चेंडू घेतला, प्रत्यक्षात बुटाचं रिकामं कापड आधी लागलेलं असतं. पुढे कापूस किंवा जाड मोजे भरून हे सुटत नाही, कारण बूट बाजूंनाही सैल असतो.

जमीन बदलता येत नाही, पण तिचा दोष पोरावर घालू नका. आमच्याकडची बरीच मैदानं मुरमाची आहेत. उन्हाळ्यात ती कडक होतात आणि चेंडू शेवटच्या हातभर अंतरात उसळतो. अशा जागी तिसरं लक्षण, चेंडू उडणं, पोराचं आहे की खड्ड्याचं, हे समजत नाही. एक दिवस शाळेच्या फरशीवर किंवा सिमेंटच्या बास्केटबॉल कोर्टवर तेच दहा पास द्या. तिथे उडत नसेल तर पाय ठीक आहे. ओल्या गवतावर उलटं होतं. चेंडू टप्पा पडल्यावर मंदावत नाही, घसरत वेगाने येतो, म्हणून पावसात पहिलं लक्षण अचानक वाढतं.

तिसरी तपासणी: भिंत

यात दहा मिनिटं जातात, पण पुढचा सगळा रस्ता इथेच ठरतो. भिंतीपासून पाच-सहा पावलांवर उभं राहायचं, मध्यम जोराचा पास मारायचा, परत आलेला चेंडू पायाच्या आतल्या बाजूने थांबवायचा. वीस वेळा. चेंडू एका पावलाच्या आत थांबला तर तो टच चांगला. दोन्ही पायांचे आकडे वेगळे लिहा.

इथे कुणी मागून येत नाही, कुठे वळायचं नसतं, चेंडू कुठून येणार ते आधीच माहीत असतं. म्हणजे भिंत फक्त पाय तपासते. भिंतीवर निम्मेही जमत नसतील तर बिघाड पायात आहे, चौथ्या तपासणीकडे जा. भिंतीवर वीसपैकी सोळा-सतरा जमतात आणि सामन्यात सगळं सांडतं, असं असेल तर पायाला हात लावू नका. बिघाड उभं राहण्यात आणि बघण्यात आहे, पाचवीकडे जा. चांगल्या पायाला पुन्हा पुन्हा भिंतीवर नेणारे प्रशिक्षक मी पाहिलेत. मीही त्यांच्यातलाच होतो.

चौथी तपासणी: पाय

पोराच्या बाजूला गुडघ्यावर बसा. उभं राहून वरून बघितलं तर यातलं काहीच दिसत नाही.

आधी जागा. आतल्या बाजूने चेंडू घ्यायचा म्हणजे घोट्याच्या हाडाखाली आणि जरा पुढे, कमानीच्या वरच्या भागावर. तिथे पाय रुंद आणि सपाट असतो. अंगठ्याजवळ घेतला तर पाऊल फिरतं आणि चेंडू तिरका जातो. टाचेजवळ हाड कडक असतं, तिथून आदळतो.

मग उंची. ५ नंबरचा चेंडू साधारण २२ सेंटिमीटर उंच, म्हणजे त्याचा मध्य जमिनीपासून ११ सेंटिमीटरवर. पाऊल तेवढंच उचलायचं. पाऊल जमिनीला टेकवून ठेवलं तर ते चेंडूच्या मध्याखाली लागतं आणि चेंडू वर चढतो. हेच तिसरं लक्षण. पोरगं मागे रेलत असेल तर हा दोष दुप्पट होतो, कारण मागे रेललं की पाऊलही वरच्या दिशेला तिरपं होतं. उलट पाऊल मध्याच्या जरा वर लागलं आणि वरून किंचित खाली झुकलेलं असलं, तर चेंडू जमिनीलाच चिकटतो. फार वर उचललं तर मात्र चेंडू खालून निघून जातो. टेकलेल्या पायाचा गुडघा थोडा वाकलेला हवा. तो ताठ असला की अख्खं अंग ताठ होतं.

आता मऊपणा. इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहे, म्हणून जरा थांबतो.

"पाय सैल सोड" असं सगळे सांगतात आणि पोरगं घोटा सैल सोडतं. मग जोराचा पास लागला की पाऊल दाराच्या फळीसारखं फिरतं. घोटा घट्ट हवा, बोटं किंचित वर ओढलेली हवीत. सैल सोडायचं ते मांडीपासून. अख्खा पाय लंबकासारखा मागे गेला पाहिजे, पाऊल मात्र जसंच्या तसं. पोरांना हे क्रिकेटवरून चटकन समजतं. झेल घेताना तळवा ढिला सोडत नाही, हात मागे घेतो. तसंच.

मागे किती वेगाने घ्यायचं? समजा चेंडू सेकंदाला ९ मीटर वेगाने येतोय. जोराचा पास साधारण एवढा असतो. आणि धरून चला, की पाय जागचा न हलवता लावला तर चेंडू निम्म्या वेगाने परत उसळतो. म्हणजे ताठ पायावरून तो साडेचारच्या वेगाने पळणार. हे पहिलं लक्षण. आता पाय सेकंदाला ३ मीटर वेगाने मागे घ्या. चेंडू पायाला ९ ऐवजी ६ च्या वेगाने भेटतो, त्याच्या निम्म्याने, म्हणजे ३ ने, पायापासून उसळतो. पाय स्वतः ३ ने मागे जातोच आहे. दोन्ही एकमेकांना खातात आणि चेंडू जागीच थांबतो. घाबरून पाय ६ च्या वेगाने मागे ओढला तर चेंडू थांबतच नाही, तुमच्याकडेच साडेचारने येत राहतो आणि पायांत अडकतो किंवा मागे जातो. हे दुसरं लक्षण. प्रत्येक चेंडूची आणि पायाची उसळी वेगळी असते, पण हिशेबाचा अर्थ एकच: पाय चेंडूच्या वेगाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास मागे गेला पाहिजे, निम्म्यापेक्षा जास्त कधीच नाही. बहुतेक पोरं एकतर अजिबात घेत नाहीत किंवा फार जोरात ओढतात.

मागे जायला जागा हवी, म्हणून पाय आधी पुढे न्यावा लागतो. चेंडू पोहोचण्याआधी पाऊल टेकलेल्या पायाच्या वीतभर पुढे, चेंडू लागताच मागे सुरुवात आणि टेकलेल्या पायाच्या रेषेत शेवट. पाय आधीच त्या रेषेत ठेवून वाट बघणाऱ्या पोराला मागे घ्यायला जागाच उरत नाही.

सराव साधा. समोरच्याने चार पावलांवरून हाताने चेंडू घरंगळत सोडायचा, आधी हळू, मग जोरात. आवाज ऐका. "टप्प" असा कोरडा आवाज आला तर पाय हललेला नाही. मऊ टच जवळजवळ ऐकू येत नाही. डोळे चेंडूवर असलेल्या पोराला स्वतःचा पाय दिसत नाही, पण आवाज ऐकू येतो.

बाकीच्या बाजू थोडक्यात. पायाची बाहेरची बाजू तेव्हा, जेव्हा समोरचा आतल्या अंगाने येतोय आणि त्याच टचमध्ये बाहेर पळायचंय. पाऊल आत वळवायचं, करंगळीखालच्या भागावर घ्यायचं. तिथे जागा कमी, म्हणून पूर्ण थांबवायचा हट्ट नको, दिशा दिली की झालं. तळवा फुटसलच्या गुळगुळीत कोर्टवर उत्तम. मुरमाच्या मैदानावर मी पोरांना तळव्याने थांबवू देत नाही. शेवटच्या क्षणी चेंडू उसळला तर पाय चेंडूवर चढतो आणि घोटा मुरगळतो.

हवेतला चेंडू लेसवर घ्यायचा असेल तर घोट्याचा नियम थोडा बदलतो. पाय वर नेऊन चेंडूला भेटायचं आणि त्याच्याबरोबर खाली यायचं, घोटा किंचित मोकळा. १९९८ च्या विश्वचषकात मार्सेलला अर्जेंटिनाविरुद्ध डेनिस बर्गकॅम्पने शेवटच्या मिनिटाला केलेला गोल बघा. फ्रँक डी बोअरचा अर्ध्या मैदानाहून लांबचा चेंडू त्याने उडी मारून, उजवा पाय पुढे ताणून उतरवला. दुसऱ्या टचला बचावपटू गेला, तिसऱ्याला गोल. हळू करून बघितलं तर दिसतं, की चेंडू लागला त्या क्षणी त्याचे दोन्ही पाय हवेत होते. टेकलेला पायच नाही, म्हणजे अख्खं अंगच चेंडूबरोबर खाली येतंय. पोरांना मी हे दाखवतो, पण करायला सांगत नाही.

मांडीवर घेताना गुडघा आणि कंबर यांच्या मधल्या मांसावर, मांडी जमिनीला समांतर किंवा जरा खाली. गुडघा वर राहिला तर चेंडू छातीवर येतो. छातीवर घेताना पोरं छाती पुढे काढतात. बरोबर उलट करायचं: गुडघे वाकवून किंचित मागे झुकून तयार राहायचं आणि चेंडू लागताना श्वास सोडत छाती आत घ्यायची, खांदे पुढे. मग चेंडू पायाजवळ पडतो.

पाचवी तपासणी: चेंडू येण्याआधी अंग कसं आहे

आता चौथं लक्षण. एक खरा पोरगा सांगतो, नाव नको. चौदा वर्षांचा, मधल्या फळीत खेळणारा. भिंतीवर उजव्या पायाने वीसपैकी अठरा, डाव्याने पंधरा. त्याच्या वयाला उत्तम. पण सामन्यात मागच्या बचावपटूकडून आलेला जवळजवळ प्रत्येक पास तो गमावत होता. वडिलांनी वैतागून विचारलं, "सर, घाबरतो का हा?"

मी त्यांना सांगितलं, पुढच्या सामन्यात स्टँडच्या वरच्या पायरीवरून मोबाईलवर फक्त याला टिपा, चेंडू दिसला नाही तरी चालेल. रात्री आम्ही तिघांनी बघितलं. पास घेतलेले प्रसंग दहा. नऊमध्ये त्याची छाती आणि दोन्ही पायांची बोटं सरळ पास देणाऱ्याकडे. म्हणजे पाठ प्रतिस्पर्ध्याच्या गोलकडे. चेंडू दोन पायांमध्ये सुरेख थांबत होता आणि त्याला पाठीमागचं काही दिसत नव्हतं. पुढे जायचं तर आधी चेंडू हलवायचा, मग वळायचं, मग बघायचं. तेवढ्यात मागचा येणारच. दहाव्या प्रसंगात, योगायोगाने, तो बाजूच्या रेषेजवळ तिरका उभा होता. तो एकच चेंडू त्याने पुढे नेला. मुलाने ते स्वतःच पकडलं. "इथं मी वेगळा उभा आहे," तो म्हणाला. मला काही बोलावं लागलं नाही.

दुरुस्ती दोन गोष्टींची होती. पहिली, उभं राहणं. पास देणारा आणि पुढचा गोल, दोन्ही डोळ्यांच्या कोपऱ्यात दिसतील इतकं तिरकं उभं राहायचं. चेंडू जवळच्या पायासमोरून जाऊ द्यायचा आणि लांबच्या, म्हणजे गोलकडच्या पायाच्या आतल्या बाजूने घ्यायचा. त्या पायाचं पाऊल जिकडे जायचंय तिकडे उघडलेलं. टच मऊच, पण मागे घेणं थोडं कमी, म्हणजे चेंडू मरत नाही, पाऊल-दीड पाऊल तिरका पुढे सरकतो. वळणं आणि थांबवणं एकाच टचमध्ये होतं.

दुसरी, बघणं. १२ मीटरचा जोराचा पास सव्वा-दीड सेकंदात येतो. त्यात मागे वळून बघायला, ठरवायला आणि पाय लावायला वेळ पुरत नाही. म्हणून एक नजर आधीच टाकायची. कधी? पास देणाऱ्याने चेंडू स्वतःसाठी पुढे ढकलला आणि मान खाली घातली, त्या क्षणी. तेव्हा चेंडू तुमच्याकडे येऊच शकत नाही, म्हणून ती नजर फुकट मिळते. त्याचा पाय फटक्यासाठी मागे गेला की डोळे चेंडूवर परत. पास लांबचा असेल तर चेंडू वाटेत असताना आणखी एक चुटपुटती नजर. शेवटची दोन-तीन पावलं मात्र फक्त चेंडू.

सरावाला तीन पोरं लागतात. एक १२ पावलांवरून पास देतो, एक घेतो, तिसरा घेणाऱ्याच्या मागे आठ पावलांवर. पास देणारा स्वतःचा टच घेतो तेव्हा तिसऱ्याने हात वर करून बोटं दाखवायची आणि लगेच खाली घ्यायची. घेणाऱ्याने चेंडूला पाय लावायच्या आधी आकडा ओरडायचा. पहिल्या दिवशी आमच्या या पोराने पहिले पाच आकडे अंदाजाने ठोकले आणि पाचही चुकले. तो बघत होता, पण चेंडू निघाल्यावर, तोवर हात खाली. आठवड्याभरात आकडे बरोबर यायला लागले आणि टच बिघडला, भिंतीवरचा सुद्धा. हे होतंच. डोळ्यांना नवं काम मिळालं की पाय काही दिवस विसरतो. इथे घाबरून जुन्या पद्धतीवर परत नेऊ नका. दुसऱ्या आठवड्यात मी बोटांऐवजी तिसऱ्याला चालायला लावलं: तो डावीकडे सरकला तर टच उजवीकडे, उजवीकडे सरकला तर डावीकडे. तिसऱ्या आठवड्यानंतरच्या सामन्यात वडिलांनी पुन्हा टिपलं. अकरा प्रसंगांत सात वेळा तो तिरका उभा होता. चार वेळा नव्हता, आणि त्यातल्या दोन वेळा त्याने तसं मुद्दामच केलं होतं.

ते का, हे सांगायला हवं, कारण "नेहमी उघडं उभं राहा, लांबचा पाय लाव" हा मंत्र हल्ली फार पाठ करून घेतात. प्रतिस्पर्धी पाठीला चिकटलेला असेल तर उघडं उभं राहणं म्हणजे चेंडू त्याच्या पुढ्यात नेऊन ठेवणं. तेव्हा खांदा त्याच्यावर, आडवं अंग, हात थोडा बाहेर, आणि चेंडू त्याच्यापासून लांब असलेल्या पायाने. मग एका टचमध्ये मागे परत दिला तरी चालतं. कुठलं उभं राहणं योग्य, हे ती आधीची नजरच सांगते. नजर नसेल तर दोन्ही पद्धती जुगार.

कुठे थांबायचं

बाराव्या-तेराव्या वर्षी पोरं झपाट्याने वाढतात आणि काही महिने चांगला टचसुद्धा जातो. पाय लांब झालेले असतात, अंदाज जुनाच असतो. त्याला उपाय नाही, सराव हलका करून वाट बघायची. पण वाढीच्याच वयात पाय लावताना दुखत असेल तर तो टचचा प्रश्न नाही. सराव संपल्यावर टाच दुखणं, टाच दोन्ही बाजूंनी दाबली की कळ येणं, किंवा गुडघ्याखाली पुढच्या हाडावर दुखरा उंचवटा येणं, हे दिसलं की सराव थांबवून हाडांच्या डॉक्टरकडे न्या. दुखरा पाय मागे घेता येत नाही, पोरगं तो ताठच ठेवणार, आणि तुम्ही तंत्र शिकवत बसाल.

घोटा मुरगळला आणि त्या पायावर चार पावलं टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेला दाबलं की दुखत असेल, तर बर्फ लावून वाट बघू नका. एक्स-रे काढा. चोळून देणाऱ्याकडे तर अजिबात नको.

तंत्राचं म्हणाल, तर चेंडू, बूट, भिंत, पाय सगळं बघून झालं, महिनाभर आठवड्याला तीनदा सराव केला आणि भिंतीवरचा आकडा हललाच नाही, तर घरच्या घरी आणखी काही शोधत बसू नका. भारतीय फुटबॉल महासंघाचं किमान डी लायसन्स असलेल्या प्रशिक्षकाला पंधरा मिनिटं दाखवा. जाताना बाजूने काढलेला व्हिडिओ आणि लिहिलेले आकडे घेऊन जा.

आणखी एक प्रकार आहे. जमिनीवरचे पास ठीक, पण हवेतून आलेला चेंडू पोरगं दरवेळी फार लवकर किंवा फार उशिरा गाठतं, किंवा एकाच बाजूने आलेले चेंडू चुकतात. माझ्याकडच्या एका मुलीचं असं होतं, आणि संध्याकाळी ते वाढायचं. मी दोन महिने तिच्याकडून छातीवर आणि मांडीवर चेंडू घेऊन घेतले. शेवटी तिच्या आईच्या लक्षात आलं, की ती वर्गात फळ्यावरचं शेजारच्या मुलीच्या वहीतून उतरवून घेते. डोळे तपासले, नंबर निघाला. आता ती खेळायचा, मागे पट्टा असलेला चष्मा लावते. मी वर्षाच्या सुरुवातीला नव्या पोरांना आधी विचारतो: स्टँडवरच्या फलकावरचं काय लिहिलंय, वाच बघू.